थाई पानांची गुणतपासणी

समजा, मलकपेठेतल्या एखाद्या कार्यालयात पंपाच्या ४०० पानी माहितीपुस्तिकेचं यंत्राने केलेलं थाई भाषांतर तपासायला आलं आहे. धोक्याच्या सूचना सगळ्या वाचायच्या. उरलेल्या मजकुरातून पानं सोडतीने काढायची, कारण पहिली वीस पानं बहुतेकदा सोपी असतात. थाईत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून शब्दसंख्या मूळ इंग्रजीची धरतात.

एमक्यूएम पद्धतीत आधी चुकीचा प्रकार ठरतो: अर्थ, परिभाषा, भाषा, मांडणी वगैरे. मग तीव्रतेनुसार दंडगुण: किरकोळ १, मोठी ५, गंभीर २५. नमुना ५,००० शब्दांचा, किरकोळ चुका १२ आणि मोठ्या ४ निघाल्या, तर दंड ३२, म्हणजे हजार शब्दांमागे ६.४. ग्राहकाशी आधीच ठरलेली मर्यादा १० असेल, तर काम पास.

पण ‘पंप चालू असताना झाकण उघडू नका’ यातला नकार एका पानावर गळला, तर दंड ५७ होतो, दर ११.४. मर्यादा १५ असती तरी हे काम रोखायलाच हवं. एकही गंभीर चूक चालणार नाही, हा नियम सरासरीच्या वर ठेवावा. मग ती एकच ओळ सुधारून भागत नाही. पुस्तिकेतली सगळी नकारार्थी वाक्यं शोधून पुन्हा वाचावी लागतात.