मुलीची फी 'उचल' खात्यात का?



शीतलामाता बाजारातल्या तुमच्या साडीच्या दुकानाच्या चालू खात्यातून कन्येच्या कॉलेजची 80,000 रुपये फी भरली गेली. तुम्ही ती 'इतर खर्च' म्हणून धरली होती. वह्यांत मात्र मी ती उचल, म्हणजे आहरण, म्हणून लिहिली: उचल खाते नावे, बँक खाते जमा. नफा-तोटा पत्रकात तिला जागा नाही, कारण त्या पैशाने ना साडी विकत घेतली गेली, ना विकली गेली. खर्च कोणत्या खात्यातून गेला यापेक्षा तो कशासाठी झाला, यावर नोंद ठरते.

आकड्यांत पाहा. समजा वर्षाची विक्री 90 लाख आणि नफा 9 लाख आहे. फी खर्चात टाकली तर नफा 8 लाख 20 हजार दिसेल, जणू धंदाच मंदावला. उचल धरली तर नफा 9 लाखच राहतो आणि भांडवलातून 80,000 वजा होतात. बँकेतली शिल्लक दोन्हीकडे सारखीच घटते, पण पहिले नफा-तोटा पत्रक धंद्याविषयी खोटे सांगते. उद्या कर्जासाठी हीच पत्रके बँकेपुढे ठेवाल, तेव्हा कमी दाखवलेला नफा तुमच्याच विरोधात जाईल.

तुम्ही म्हणाल, दुकान माझे, पैसा माझा. अगदी खरे, कायद्याने एकल मालक आणि दुकान वेगळे नाहीत. म्हणूनच पैसे काढण्यावर वेगळा कर लागत नाही. कर नफ्यावर आधीच बसतो. पण 1961 च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम 37(1) मालकाचा वैयक्तिक खर्च स्पष्टपणे वगळत असे आणि खर्च पूर्णपणे धंद्यासाठीच झालेला असावा असे सांगत असे. त्याच्या जागी आलेल्या 2025 च्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. कन्या पुढे दुकान सांभाळेल, हा मुद्दाही टिकत नाही. आज ती शिकते आहे, ते तिच्यासाठी. मात्र तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल, तर शिकवणी शुल्काची वजावट ठरलेल्या मर्यादेत तुमच्या स्वतःच्या विवरणपत्रात मागता येते. सवलत आहे, पण ती पालक म्हणून तुम्हाला, दुकानाला नाही.

खरा गोंधळ मिश्र खर्चांत होतो. एकच मोबाइल, एकच गाडी दुकानाला आणि घरालाही वापरली, तर वापराच्या प्रमाणात रक्कम विभागावी आणि घरचा वाटा उचलीत टाकावा. घरी वापरलेल्या वस्तूवरचा जीएसटी इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून घेऊ नये. 2017 च्या केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम 17(5) त्याला मनाई करते. आणखी एक धोका आहे. उचल नफ्याहून जास्त झाली की भांडवल आटते. दुकान कॅश क्रेडिटवर चालत असेल, तर घरखर्च व्याजी पैशातून होऊ लागतो आणि त्या व्याजाच्या वजावटीवर अधिकारी बोट ठेवू शकतो.

तेव्हा यापुढे दर महिन्याला ठरावीक रक्कम आपल्या बचत खात्यात वळवा आणि फी, विमा, किराणा तिथूनच भरा. एकाच नोंदीत महिन्याची उचल कळेल आणि वर्षअखेरीस प्रत्येक बिलाचा खुलासा शोधत बसावे लागणार नाही.