मुलाखतीनंतर सांगितलेली तारीख उलटून गेली, आता काय विचारायचे?

मुलाखत संपताना एचआर सांगतात, "शुक्रवारपर्यंत कळवतो." शुक्रवार जातो, सोमवार जातो, फोन येत नाही. आपल्या वस्तीतून, गावातून पहिल्यांदाच कंपनीच्या नोकरीपर्यंत पोहोचलेल्या अनेक युवक-युवतींना इथे प्रश्न पडतो. विचारले तर राग येईल का? गप्प बसलो तर आपल्याला विसरतील का? ज्यांचे कंपनीत कुणी ओळखीचे असते, ते आतून एका फोनवर माहिती काढतात. ज्यांचे कुणी नसते, त्यांच्याकडे नीट लिहिलेला मेल हाच मार्ग असतो. तो कसा लिहायचा, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, नांदेडची एक बी.कॉम. झालेली मुलगी पुण्यातल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी मुलाखत देऊन आली. मुलाखत झाली मंगळवारी, ४ तारखेला. "१४ तारखेच्या शुक्रवारपर्यंत निर्णय कळेल," असे तिला सांगितले गेले. तिने १४ तारखेच्या संध्याकाळीच मेल करू नये, कारण "शुक्रवारपर्यंत" म्हणजे बऱ्याचदा शुक्रवारी कार्यालय बंद होईपर्यंत. सोमवारचा दिवस बैठका आणि साचलेल्या मेलमध्ये जातो. म्हणून मंगळवारी, १८ तारखेला सकाळी दहा-अकराच्या सुमारास मेल करावा. तारीख उलटल्यावर एक-दोन कामाचे दिवस जाऊ देणे पुरेसे आहे, त्याहून जास्त थांबण्याची गरज नाही. तारीख त्यांनीच दिलेली असल्यामुळे ती विचारण्यात उद्धटपणा नाही.

मेल कुणाला करायचा? मुलाखतीची वेळ ज्यांनी ठरवली त्यांनाच. मुलाखतीचे निमंत्रण ज्या मेलवर आले त्याच मेलला उत्तर द्यावे, म्हणजे तुमचे नाव, पद आणि आधीचा संवाद त्यांना एकाच जागी दिसतो. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर आधी कन्सल्टन्सीलाच विचारा. त्यांना वगळून थेट कंपनीला गाठले तर दोघेही नाराज होऊ शकतात. मुलाखत घेणाऱ्या साहेबांना वेगळा निरोप पाठवू नये. सगळे बोलणे फोनवरच झाले असेल तर त्याच क्रमांकावर, कार्यालयीन वेळेत छोटा संदेश पाठवावा.

मजकूर इतकाच पुरतो:

"नमस्कार मॅडम, ४ तारखेला अकाउंट्स असिस्टंट पदासाठी माझी मुलाखत झाली होती. १४ तारखेपर्यंत निर्णय कळेल असे आपण सांगितले होते. या पदासाठी काम करण्याची माझी इच्छा कायम आहे. निर्णय अंदाजे कधीपर्यंत होईल, हे कृपया कळवावे. माझ्याकडून काही कागदपत्रे हवी असल्यास तीही सांगावीत." खाली पूर्ण नाव आणि मोबाइल क्रमांक.

आधीचा पत्रव्यवहार इंग्रजीत झाला असेल तर हेच पाच वाक्यांत इंग्रजीत लिहावे. यात मुलाखतीची तारीख, पद आणि त्यांनी सांगितलेली तारीख आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला काही शोधावे लागत नाही. मुख्य प्रश्न एकच आहे आणि त्याचे उत्तर एका ओळीत देता येते. "माझी निवड झाली का?" असे विचारले तर निर्णय झालेला नसताना त्यांना उत्तरच देता येत नाही आणि मेल बाजूला पडतो. "कधीपर्यंत?" याचे उत्तर मात्र निर्णय नसतानाही देता येते. "अजून का कळवले नाही?" हा जाब झाला, तर "घरची परिस्थिती बिकट आहे" ही विनवणी झाली. दोन्हींमुळे निर्णय लवकर होत नाही.

उशीर का होतो, हे माहीत असले की उत्तराचा अर्थ लावता येतो. कधी वरिष्ठांची किंवा वित्त विभागाची मंजुरी अडकलेली असते. कधी पॅनेलमधले कुणी रजेवर असते. कधी मात्र पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर दिलेली असते आणि त्याच्या होकाराची वाट पाहिली जात असते. तोपर्यंत दुसऱ्या उमेदवाराला ना होकार, ना नकार. तो पहिला उमेदवार आयत्या वेळी नाही म्हणाला, तर दुसऱ्याला फोन येतो.

म्हणून उत्तरात काय आहे ते नीट वाचा. नवी तारीख दिली असेल तर तुमचे नाव अजून विचारात आहे, असे समजायला हरकत नाही. पगाराची स्लिप, नोटीस पिरियड किंवा रुजू होण्याची तारीख विचारली तर गोष्ट पुढे सरकते आहे. "प्रोसेस सुरू आहे" एवढेच म्हटले आणि तारीख दिली नाही, तर तुम्ही राखीव यादीत असण्याची शक्यता मोठी. "पोझिशन होल्डवर आहे" म्हणजे बहुधा ती जागा भरणेच तूर्त थांबले आहे. यातला कुठलाही अर्थ शंभर टक्के पक्का नसतो. लेखी ऑफर लेटर हातात येईपर्यंत दुसरीकडे अर्ज करणे थांबवू नका आणि हातातल्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.

उत्तरच आले नाही तर? पाच-सहा कामाच्या दिवसांनी, म्हणजे आपल्या उदाहरणात २५ किंवा २६ तारखेला, त्याच मेलखाली दोन ओळींचे स्मरण पाठवावे. त्यानंतरही शांतता असेल तर कार्यालयीन वेळेत एकदाच फोन करावा. पुढे थांबावे. रोज फोन केल्याने फक्त तुमचा क्रमांक त्यांच्या लक्षात राहतो, तोही नको त्या कारणाने.

एका परिस्थितीत मात्र वाट पाहू नये. समजा, त्या मुलीला दुसऱ्या कंपनीची लेखी ऑफर आली आणि २१ तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे. तेव्हा तिने लगेच लिहावे: "मला दुसरी ऑफर मिळाली असून २१ तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे. आपल्या कंपनीला माझी पसंती आहे. त्याआधी निर्णय कळू शकेल का?" हे खरे असेल तरच लिहावे, कारण ऑफर लेटर दाखवा असे ते म्हणू शकतात. २१ पर्यंत उत्तर आले नाही, तर हातातल्या कागदावर निर्णय घ्यावा, तोंडी आश्वासनावर नाही.

याच वाट पाहण्याच्या काळात फसवणूकही होते. "निवड झाली आहे, फक्त डिपॉझिट किंवा ट्रेनिंगचे पैसे भरा" असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका. आधीचा मेल ज्या पत्त्यावरून आला, त्यावरच लिहून खात्री करा.

जिल्हा परिषद, महापालिका अशा सरकारी भरतीत मुलाखत दिली असेल तर मार्ग वेगळा आहे. तिथे आधी संकेतस्थळ आणि सूचना फलक पाहावा, मग कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तरीही कळले नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. निवड यादी कोणत्या टप्प्यावर आहे आणि आपले स्वतःचे गुण किती, हे त्यात विचारावे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि उत्तर न आल्यास पहिले अपील करता येते. खासगी कंपनीला हा कायदा थेट लागू नाही, म्हणून तिथे वरचा पाच वाक्यांचा मेलच कामी येतो.