चार महिन्यांची वीज, एका महिन्याचं बिल



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक काकू अंतर्गत कर्ज मागायला उभ्या राहिल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "लाइटबिल भरायचंय." घरात दोन पंखे, चार बल्ब आणि टीव्ही, आणि बिल साडेतीन हजारांच्या वर. कर्ज मंजूर करण्याआधी आम्ही म्हटलं, काकू, मागची बिलंसुद्धा घेऊन या.

बिल हातात घेतलं की आपण शेवटची रक्कम बघतो. त्याऐवजी आधी चालू रीडिंग आणि मागील रीडिंग बघायचं. चालूतून मागील वजा केलं की वापरलेले युनिट निघतात. काकूंच्या आधीच्या तीन बिलांत रीडिंगच्या जागी आकडाच नव्हता, घर बंद असल्याचा शेरा होता. मीटर घरात, आणि काकू सकाळीच कुलूप लावून शेतावर. मग दर महिन्याला अंदाजे ४० युनिटचं बिल आलं. बिल कमी आलं म्हणून काकू खूश होत्या. चौथ्या महिन्यात रीडिंग मिळालं आणि चार महिन्यांचे ३६० युनिट एकदम बिलावर आले.

इथे टप्प्यांची गोष्ट येते. घरगुती विजेचा पहिला टप्पा १०० युनिटपर्यंत, दुसरा १०१ ते ३००, तिसरा ३०१ ते ५००. पुढच्या टप्प्याचा दर वाढत जातो. मात्र १०१ वा युनिट जळला म्हणून सगळे युनिट महाग होत नाहीत. पहिले १०० स्वस्तच राहतात, फक्त वरचे महाग पडतात.

हिशेब कळावा म्हणून वीज आकार आणि वहन आकार मिळून दर सोपे धरू: ६, ११ आणि १६ रुपये. खरे दर तुमच्या बिलावर बघा. ३६० युनिट एकाच महिन्याचे धरले तर पहिल्या १०० चे ६०० रुपये, पुढच्या २०० चे २,२०० आणि उरलेल्या ६० चे ९६०. एकूण ३,७६०.

पण ही वीज चार महिन्यांत वापरलेली होती. महिन्याला ९० युनिट, म्हणजे सगळे पहिल्याच टप्प्यात. ३६० गुणिले ६, झाले २,१६०. फरक १,६०० रुपयांचा. त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागतं, त्याचे २५६ धरले तर काकूंना १,८५६ रुपये जास्त लागले होते. शिवाय आधीच्या तीन बिलांत भरलेले पैसे वजा व्हायला हवेत. काकूंच्या बिलात ते वजा झाले होते, युनिट मात्र महिन्यांत वाटलेले नव्हते.

बिलातले बाकीचे आकार थोडक्यात सांगते. स्थिर आकार वीज जाळली नाही तरी लागतो. इंधन समायोजन आकार युनिटवर लागतो आणि कमीजास्त होतो, म्हणून वापर तेवढाच असूनही बिल बदलू शकतं. थकबाकी वेगळ्या ओळीत असते आणि तिच्यावर व्याज चढतं. तिथे रक्कम दिसली तर मागच्या बिलाची पावती काढून ताडून बघा. भरलेले पैसे जमा झाले नसतील तर तेही तिथेच कळतं.

काकूंनी साधा अर्ज लिहिला: ग्राहक क्रमांक, कोणत्या महिन्यांत रीडिंग नव्हतं, आणि "एकूण युनिट चार महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ द्यावा" एवढी एक ओळ. सोबत चारही बिलांच्या झेरॉक्स आणि मीटरचा फोटो जोडला. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. नवीन बिल अठराशेच्या आसपास आलं. जळलेल्या युनिटचे पैसे द्यावेच लागले, ते कोणी माफ करत नाही.

तक्रार केली म्हणून बिल तसंच ठेवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागणीची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती "निषेध नोंदवून भरत आहे" असं लिहून भरता येते. तशी भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

आता काकू महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मुलाकडून मीटरचा फोटो काढून घेतात. बिलावर आकड्याऐवजी शेरा दिसला की त्याच आठवड्यात फोटो घेऊन ऑफिसात जातात, नाहीतर १९१२ वर फोन लावतात. बिल कमी आलं तरी शेरा बघायचा, हे त्या आता गटातल्या सगळ्यांना सांगतात. कर्जाचा अर्ज त्यांनी मागे घेतला.