अटी न स्वीकारलेल्या खात्याचे काय होते?

जानेवारी २०२१च्या पहिल्या आठवड्यात भारतातल्या कोट्यवधी लोकांना व्हॉट्सॲप उघडताच एक सूचना दिसू लागली. अटी आणि गोपनीयता धोरण बदलत आहे, नवे धोरण ८ फेब्रुवारीपासून लागू होईल आणि त्यानंतर व्हॉट्सॲप वापरायचे तर ते स्वीकारावे लागेल, असा तिचा मजकूर होता. खाली AGREE आणि NOT NOW अशी दोन बटणे होती. खाते काढून टाकायचे असल्यास मदत विभागात माहिती मिळेल, असेही एक वाक्य त्यात होते. त्या एका वाक्यामुळे घरोघरी अर्थ लागला तो असा, की ८ फेब्रुवारीला ‘हो’ म्हटले नाही तर खाते उडणार.

तसे काही झाले नाही. पण मग काय होणार होते, हे त्या पडद्यावर कुठेच लिहिलेले नव्हते. स्वीकारले तर काय, हे अशा पडद्यावर लांबलचक सांगितलेले असते. दुर्लक्ष केले तर काय, याचे उत्तर मात्र शोधून काढावे लागते. व्हॉट्सॲपच्या बाबतीत ते उत्तर पुढच्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने बाहेर आले. ते नीट समजून घेतले तर दुसऱ्या कुठल्याही सेवेचा असा पडदा वाचता येतो.

पडदा कसा चालतो

प्रत्येक खात्यासमोर कंपनीच्या सर्व्हरवर एक नोंद असते: या ग्राहकाने अटींची कोणती आवृत्ती आणि कधी स्वीकारली. नवी आवृत्ती आली की ॲप उघडताना किंवा लॉगिन करताना ही नोंद तपासली जाते. आवृत्ती जुनी निघाली तर पडदा समोर येतो. पासवर्ड बरोबर असतो, ओळखही पटलेली असते, फक्त पुढची वाट अडवलेली असते. बटण दाबले की नोंद बदलते आणि पडदा पुन्हा येत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पडदा अडवतो ते खात्यात शिरण्याला. खाते, त्यातला मजकूर, त्यावर लावलेली दरमहाची वर्गणी, सगळे मागे जसेच्या तसे असते. पैसे आपोआप कापले जाण्याची सोय असेल तर आपण आत जाऊ शकत नाही म्हणून ती थांबेलच, असे समजू नये. दुर्लक्ष करणे म्हणजे नकार कळवणे नव्हे. कंपनीच्या नोंदीत आपण ‘अजून उत्तर न दिलेले’ ग्राहक असतो.

अशा पडद्याचे दोन प्रकार असतात. एकावर ‘नंतर’ म्हणायची सोय असते, दुसऱ्यावर नसते. बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात होते आणि ठरलेल्या तारखेनंतर दुसरा येतो. व्हॉट्सॲपची योजना अशीच होती.

जाहीर झालेल्या पायऱ्या

गदारोळ वाढला, लोक सिग्नल आणि टेलिग्रामकडे वळू लागले. वैयक्तिक गप्पा पूर्वीसारख्याच कूटबद्ध राहतील, बदल मुख्यतः व्यवसायांशी होणाऱ्या संवादाबाबत आहे, असे कंपनीने वृत्तपत्रांत जाहिराती देऊन सांगितले. १५ जानेवारीला तिने मुदत १५ मेपर्यंत वाढवली. त्यानंतर मदत विभागात न स्वीकारणाऱ्यांसाठीचा खुलासा आला.

१५ मेला कोणाचेही खाते काढले जाणार नव्हते. आधी सूचना वरचेवर दिसणार होती. काही आठवड्यांनी ती टाळता न येणारी होणार होती आणि मग सेवा आक्रसू लागणार होती. संभाषणांची यादी उघडता येणार नाही, पण आलेला फोन किंवा व्हिडिओ कॉल घेता येईल. मोबाइलवर नोटिफिकेशन चालू असेल तर त्यावर टिचकी मारून तेवढा संदेश वाचता येईल, उत्तरही देता येईल. आणखी काही आठवड्यांनी हेही बंद होऊन संदेश आणि कॉल फोनवर येणेच थांबणार होते.

यातल्या कुठल्याच पायरीवर ‘खाते काढले’ असे नव्हते. पण अट न स्वीकारल्याबद्दल खाते काढणार नाही, असे सांगतानाच कंपनीने आपल्या जुन्या नियमाकडे बोट दाखवले होते: १२० दिवस न वापरलेले खाते साधारणपणे काढून टाकले जाते. हे दोन नियम एकत्र ठेवले की खरे चित्र दिसते. अटींचा पडदा खाते मारत नाही. तो खाते वापरता येऊ देत नाही आणि न वापरलेल्या खात्याची मुदत दुसरा नियम मोजत राहतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका शिकवणीच्या बाईंनी पडद्याकडे दुर्लक्ष केले आहे, असे समजा. पालकांचे चार गट त्यांच्या नंबरवर चालतात. पायऱ्या पूर्ण होऊन १ सप्टेंबरपासून त्यांचा व्हॉट्सॲपशी संबंध तुटला, तर १२० दिवस ३० डिसेंबरला भरतील. तोवर पालकांचे संदेश त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत, पण पाठवणाऱ्याला त्याचे कारणही कळणार नाही. खाते निघाले की त्या सगळ्या गटांतून बाहेर पडतील. जुन्या गप्पांचे काय? ॲप फोनमधून काढले नसेल तर फोनवर साठलेला मजकूर तसाच राहतो आणि त्याच फोनवर पुन्हा नोंदणी केली तर दिसू लागतो. मधल्या काळात फोन बदलला किंवा वैतागून ॲप काढून टाकले, तर ही वाट बंद होते. दुर्लक्ष करणाऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान बहुधा याच ठिकाणी होते, कंपनीच्या कारवाईने नव्हे.

प्रत्यक्षात काय घडले

या पायऱ्या भारतात अमलात आल्या नाहीत. १८ मे २०२१ रोजी केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने धोरण मागे घेण्याची सूचना कंपनीला केली. २२ मेच्या उत्तरात कंपनीने कळवले की माहिती संरक्षणाचा कायदा येईपर्यंत न स्वीकारणाऱ्यांची सेवा कमी करणार नाही, फक्त आठवण देत राहील. ९ जुलैला हीच भूमिका तिच्या वतीने ज्येष्ठ वकील हरीश साळवे यांनी दिल्ली उच्च न्यायालयात मांडली.

म्हणजे NOT NOW दाबत राहिलेल्यांचे खाते चालूच राहिले. पण हे किती जणांना ठाऊक होते? ज्यांनी घाबरून AGREE दाबले होते, त्यांच्यापर्यंत ही बातमी त्याच पडद्यावरून कधी पोचली नाही. शेवटी १ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कंपनीला आपल्या या हमीची माहिती पाच राष्ट्रीय वृत्तपत्रांत दोनदा जाहिरात देऊन प्रसिद्ध करायला सांगितले. भीती पसरवणारे वाक्य प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर आले आणि दिलासा मात्र वर्तमानपत्राच्या पानावर, हा फरक मला फार गंभीर वाटतो.

दुर्लक्ष करणाऱ्यांसाठी एक दरवाजा मात्र उघडाच राहिला. खाते काढून पुन्हा नोंदणी करताना किंवा या बदलाशी निगडित एखादी सोय पहिल्यांदा वापरताना अटी पुन्हा समोर येतील, असे कंपनीने सांगितले होते. नोंदणीच्या वेळी स्वीकारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. वर्षभर निग्रहाने NOT NOW दाबणारा माणूस अशा एखाद्या क्षणी नकळत ‘हो’ म्हणून जातो. इतर अनेक सेवांच्या अटींत तर ‘वापर चालू ठेवलात म्हणजे स्वीकारले’ असे वाक्यच असते. तिथे बटण न दाबण्याला काही अर्थ उरत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये या ‘घ्या नाहीतर सोडा’ पद्धतीबद्दल मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेले. युरोपात मार्च २०२३मध्ये कंपनीने ग्राहक संरक्षण यंत्रणांना मान्य केले, की धोरण बदलताना नकाराचा पर्याय स्वीकाराइतकाच ठळक दाखवू आणि नकाराने सेवा वापरता येणार नसेल तर तसे स्पष्ट सांगू. आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विनाअट आणि दिलेल्या हेतूपुरतीच असावी असे म्हटले आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम निघाले, पण संमतीच्या तरतुदी लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने दिले आहेत.

पडदा समोर आला तर

आधी तो खरा आहे का, ते बघा. अटींचा पडदा ॲपच्या आत किंवा नेहमीच्या संकेतस्थळावर लॉगिन केल्यावर येतो आणि फक्त बटण दाबायला सांगतो. एसएमएसमधल्या लिंकवर अटी स्वीकारायला सांगून ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर मागितला जात असेल तर ती फसवणूक आहे. शंका आली तर लिंक सोडून द्या आणि ॲप स्वतः उघडा. अटी खरेच बदलल्या असतील तर पडदा तिथे दिसेलच.

खरा असेल तर त्यावर तीन गोष्टी शोधा: ‘नंतर’ म्हणता येते का, शेवटची तारीख कोणती आणि न वापरलेले खाते किती दिवसांनी काढतात. तिसरी गोष्ट पडद्यावर नसते, ती मदत विभागात सापडते. गूगलच्या खात्यासाठी ही मुदत दोन वर्षांची आहे, व्हॉट्सॲपसाठी १२० दिवसांची. मुदतीतला हा फरक एवढा मोठा आहे की एका सेवेचा अनुभव दुसरीला लावू नये.

अटी पटत नसतील तर ‘नंतर’चा अवधी आपले सामान बाहेर काढण्यासाठी वापरा. व्हॉट्सॲपमध्ये महत्त्वाचे संभाषण Export chat मधून स्वतःला मेल करता येते. Request account info मधून खात्याचा अहवाल मागता येतो, तो मिळायला साधारण तीन दिवस लागतात आणि त्यात संदेश नसतात. गटांना नवा नंबर किंवा दुसरे माध्यम कळवा, दरमहाची वर्गणी स्वतः रद्द करा. मगच Delete my account दाबा, कारण त्यानंतर संदेशांचा इतिहास आणि बॅकअप परत मिळत नाहीत. असा नकार कंपनीच्या नोंदीत नकार म्हणूनच जातो. नुसता पडदा टाळत राहिलो तर आपल्या खात्याचा निर्णय आपण घेतलेला नसतो, तो न वापरलेल्या दिवसांच्या हिशेबावर सोडलेला असतो.