लग्नाच्या वाढदिवसाचं पत्र आणि जुनी कॅलेंडरं

लग्नाला एकतीस वर्षं झाली तेव्हा बायकोला पत्र लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, ‘तू माझ्या आयुष्याचा आधार आहेस.’ मग वाटलं, हे वाक्य शेजारच्या घरातही तसंच चालेल. ते खोडलं. तेव्हापासून माझी हीच कसोटी आहे: जे वाक्य दुसऱ्या कुणाच्या बायकोलाही लागू पडेल, ते पत्रात नको.

पण साधे दिवस साधे असल्यामुळेच आठवत नाहीत. समारंभांचे फोटो असतात, मंगळवारचे नसतात. मंगळवार सापडतात कॅलेंडरवर. १९७३ साली जयंत साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ आलं आणि पुढे ते घरोघरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलं गेलं. तिथल्या चौकोनांत दुधाचा हिशेब, खाड्याची फुली, ‘गॅस लावला’, इस्त्रीचे कपडे अशा नोंदी होत राहिल्या. आमच्याकडे अशी जुनी कॅलेंडरं माळ्यावर होती. एका दुपारी ती खाली काढली.

एका ऑगस्टमध्ये थांबलो. रोजच्या ‘१’च्या जागी अकरा दिवस ‘अर्धा’ लिहिलं होतं. त्या महिन्यात कारखान्याने माझा पगार अडवला होता. घरी मला आणि मुलांना दूध घातलेला चहा मिळत होता, ती मात्र कोरा घ्यायची. विचारलं तर म्हणायची, “पित्त होतंय.” मी ते खरं मानलं होतं.

पत्रात मी एवढंच लिहिलं: कोणता महिना, किती चौकोन, कपात काय होतं, ती काय म्हणाली. ‘तुझा त्याग थोर’ असं लिहिण्याचा मोह आवरला. तिच्या मनात तेव्हा काय होतं हे नोंदीवरून कळत नाही. म्हणून तिथे निष्कर्षाऐवजी प्रश्न ठेवला: ‘तेव्हा खरंच पित्त होत होतं का गं?’

अशा दोन-तीन नोंदी एका पानाला पुरतात. दहा झाल्या की पत्राची यादी होते. आणखी एक सांभाळावं लागतं. जुन्या चुकांची माफी मागता मागता पत्र आपल्याबद्दलच होऊन बसतं आणि वाचणारीवर समजूत घालण्याचं काम येतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात अर्धं पान असंच गेलं होतं. ते काढून एकच ओळ ठेवली: ‘मला तेव्हा कळलं नाही.’ शेवटी आजचीही एक गोष्ट लिहिली: अजूनही ती माझ्या आधी उठते आणि मला जाग येऊ नये म्हणून अंधारातच चष्मा चाचपते.

पत्र तिच्या डब्याखाली ठेवलं. संध्याकाळी ती म्हणाली, “अहो, अकराच दिवस नव्हते. पान उलटलंत का?”

उलटलं नव्हतं. सप्टेंबरही अर्ध्यावरच होता.