मिलेनियल नोकरीत टिकत नाहीत?

‘मिलेनियल पोरं एका नोकरीत टिकत नाहीत’ असं सर्रास म्हटलं जातं. अमेरिकेत हे आकडे तपासले गेले. प्यू रिसर्च सेंटरच्या विश्लेषणानुसार, 2016 मध्ये 18 ते 35 वयाच्या नोकरदार मिलेनियलांपैकी 63.4 टक्के लोक वर्षाहून अधिक काळ एकाच ठिकाणी होते. 2000 मध्ये त्याच वयाच्या आधीच्या पिढीत हे प्रमाण 59.9 टक्के होतं. म्हणजे बदनाम झालेली पिढीच थोडी जास्त टिकली!

गफलत तुलनेत आहे. आजच्या पंचविशीतल्या मुलाला पन्नाशीतल्या साहेबांशेजारी उभं केलं, तर दिसणारा फरक वयाचा, काळाचा की पिढीचा, हे सांगताच येत नाही. जन्मसाल आणि वय मिळवलं की चालू साल येतं. त्यामुळे तिन्हींचे परिणाम निव्वळ आकडेमोडीने सुटे होत नाहीत. शिवाय 1981 ते 1996 ही मर्यादा सोयीने आखलेली आहे. 1996 आणि 1997 मध्ये जन्मलेल्या भावंडांना वेगळ्या पिढ्यांत टाकण्याला काय आधार?

समाजशास्त्रज्ञ फिलिप कोहेन यांच्या पुढाकाराने 2021 मध्ये दीडशेहून अधिक अभ्यासकांनी ही लेबलं थांबवा, असं खुलं पत्र प्यूला लिहिलं. 2023 मध्ये प्यूनेही त्यांचा वापर कमी करण्याचं जाहीर केलं.