कोणापासून काय लपवायचे: औषधांच्या चाचण्या आणि शस्त्रक्रिया

नव्या औषधाची चाचणी घेताना रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निव्वळ योगायोगाने पाडले जातात. एका गटाला नवे औषध मिळते. दुसऱ्याला आधीपासून वापरात असलेले औषध किंवा प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी मिळते. कोणाला काय मिळाले हे चाचणीतल्या माणसांपासून मुद्दाम लपवून ठेवण्याच्या पद्धतीला ब्लाइंडिंग म्हणतात. रुग्ण आणि उपचार करणारे डॉक्टर या दोघांनाही ते ठाऊक नसले, तर त्या चाचणीला सहसा डबल ब्लाइंड म्हटले जाते.

गोळ्यांच्या बाबतीत ही व्यवस्था फारशी अवघड नसते. दोन्ही गोळ्यांचा रंग, आकार, वजन आणि शक्यतो चवही सारखी ठेवतात. डब्यांवर औषधाचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. कोणत्या क्रमांकामागे काय आहे याची यादी उपचारांशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे राहते. एक औषध गोळीचे आणि दुसरे इंजेक्शनचे असेल, तर प्रत्येक रुग्णाला गोळीही देतात आणि इंजेक्शनही. त्यातले एक खरे असते, एक पोकळ. एखादा रुग्ण अत्यवस्थ झाला आणि त्याने काय घेतले आहे हे कळल्याशिवाय इलाजच करता येत नसेल, तर फक्त त्याच्यापुरता भेद उघडतात आणि तशी नोंद करतात.

एवढा खटाटोप कशासाठी, हे कॅनडातल्या एका चाचणीत स्पष्ट दिसले. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरील उपचारांची ती चाचणी होती आणि तिच्यात १६८ रुग्ण होते. या आजारात रुग्ण किती सुधारला हे रक्ताच्या एका तपासणीतून कळत नाही. पायातली ताकद, तोल, चाल, हातांची हालचाल हे सगळे न्यूरोलॉजिस्ट स्वतः तपासतो आणि गुण देतो. त्या चाचणीत प्रत्येक रुग्णाला दोन न्यूरोलॉजिस्ट तपासत होते: एकाला उपचार माहीत होता, दुसऱ्याला नव्हता. १९९४मध्ये या दोघांच्या गुणांची तुलना प्रसिद्ध झाली. रक्तातला प्लाझ्मा बदलण्याचा उपचार ज्या गटाला मिळाला होता, त्या गटात फायदा झाल्याचे उपचार माहीत असलेल्या डॉक्टरांच्या गुणांवरून दिसत होते. उपचार माहीत नसलेल्या डॉक्टरांच्या गुणांवरून तसा काहीच फायदा दिसत नव्हता. रुग्ण तेच, आजार तोच, तपासणीची पद्धतही तीच. त्या डॉक्टरांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. पायातली ताकद किंचित कमी आहे की ठीक आहे, असा प्रश्न पडला की मनातली अपेक्षा पारडे एका बाजूला झुकवते, आणि शेकडो तपासण्यांमध्ये तोच कल साचत जातो.

रुग्णाच्या बाबतीतही असेच घडते. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेच्या कर्मचाऱ्यांवर सर्दीसाठी क जीवनसत्त्वाची चाचणी झाली आणि १९७५मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्लासिबोच्या कॅप्सूलमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर होती. काहींनी कॅप्सूल चाखून पाहिली आणि आपल्याला काय मिळाले ते ओळखले. क जीवनसत्त्व घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी झाल्याचे दिसले. पण ज्यांना ओळखता आले नव्हते त्यांचाच हिशेब केला, तेव्हा तो फरक उरला नाही. दुष्परिणामांवरूनही असा भेद फुटतो. ज्या औषधाने तोंड हमखास कोरडे पडते, ते घेणाऱ्याला आपण कोणत्या गटात आहोत याचा अंदाज लवकरच येतो.

शस्त्रक्रियेत पेच आणखी वाढतो. सर्जनला आपण काय करतो आहोत हे कळणारच, आणि कळलेच पाहिजे. त्यावरून शस्त्रक्रियेच्या चाचणीत ब्लाइंडिंग होऊच शकत नाही असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो घाईचा आहे. चाचणीत सर्जन हा एकटाच माणूस नसतो. भूल उतरलेला रुग्ण, वॉर्डातली नर्स, घरी सोडण्याचा निर्णय घेणारा डॉक्टर, तीन महिन्यांनी वेदना मोजणारा तपासनीस, एक्स-रे पाहणारा रेडिओलॉजिस्ट आणि आकडेमोड करणारा संख्याशास्त्रज्ञ हे सगळे वेगवेगळ्या टप्प्यांवर निकालाला हात लावतात. त्यांच्यापैकी कोणापासून आणि किती काळ गुपित राखता येईल, हे एकेकाबाबत पाहावे लागते.

इंग्लंडमधील शेफिल्ड इथली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची चाचणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. खडे झालेले पित्ताशय पोट उघडून काढण्याची जुनी रीत होती. १९९०च्या सुमारास दुर्बिणीतून, म्हणजे लॅपरोस्कोपीने, चार लहान छिद्रांमधून ते काढण्याची पद्धत झपाट्याने पसरली. दुर्बिणीने केलेले रुग्ण लवकर घरी जातात आणि लवकर कामाला लागतात, अशी खात्री डॉक्टरांची आणि रुग्णांचीही झाली होती. मात्र घरी कधी सोडायचे हे डॉक्टर ठरवतो, आणि कामावर कधी जायचे हे रुग्णाला आपण किती बरे झालो असे वाटते त्यावर ठरते. चार छोटी छिद्रे दिसली की दोघेही धीर करतात. लांब टाके दिसले की दोघेही जपतात. अशा वेळी शस्त्रक्रियेचा गुण किती आणि समजुतीचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

शेफिल्डच्या चाचणीत २०० रुग्ण होते. एका गटाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, दुसऱ्याची पोटावर लहानसा छेद घेऊन. कोणाची कोणती, हे आधी वॉर्डात ठरवले नाही, ऑपरेशन थिएटरमध्येच ठरवले. चार अनुभवी सर्जन होते आणि ते दोन्ही पद्धती करत होते, त्यामुळे एका पद्धतीला चांगले हात आणि दुसरीला शिकाऊ हात असा प्रकार झाला नाही. भुलीची आणि वेदनाशामक औषधांची पद्धत दोन्ही गटांत एकच ठेवली. शेवटी प्रत्येक रुग्णाच्या पोटावर, शस्त्रक्रिया कोणतीही झालेली असो, चार सारख्याच पट्ट्या लावल्या. त्यांच्याखाली चार छिद्रे आहेत की एक छेद, हे काळजी घेणाऱ्यांना दिसत नव्हते.

१९९६मध्ये निकाल आला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला मध्यमान ६५ मिनिटे लागली, लहान छेदाच्या शस्त्रक्रियेला ४०. रुग्णालयात काढलेल्या रात्री दोन्ही गटांत मध्यमान तीनच होत्या. सगळी कामे पूर्ववत करू लागायला दोन्हीकडे तीन आठवडे लागले, आणि नोकरीवर परतण्याच्या काळातही दखल घेण्याजोगा फरक नव्हता. याचा अर्थ दुर्बिणीची शस्त्रक्रिया वाईट असा होत नाही, आणि फार मोठा छेद घेणाऱ्या जुन्या रीतीशी ही तुलनाही नव्हती. पण लवकर बरे होण्याचे जे श्रेय एकट्या दुर्बिणीला दिले जात होते, ते पट्टी सारखी करताच टिकले नाही. सर्जन पूर्ण जाणता असूनही ही चाचणी विश्वासार्ह राहिली, कारण निकाल ज्यांच्या हाती होता त्यांना भेद माहीत नव्हता.

शस्त्रक्रियेची तुलना शस्त्रक्रिया न करण्याशी असेल तर पट्टी पुरत नाही. तिथे कधी कधी लटकी शस्त्रक्रिया करावी लागते. अमेरिकेतील ह्यूस्टन इथे गुडघ्याच्या संधिवातासाठी आर्थ्रोस्कोपीची अशी चाचणी झाली. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १८० रुग्ण होते. काहींचा सांधा आतून साफ केला, काहींचा फक्त धुतला, आणि उरलेल्यांच्या गुडघ्याच्या त्वचेवर प्रत्येकी एक सेंटिमीटरचे तीन छेद घेऊन सांध्यात काहीच घातले नाही. सर्जन लिफाफा थिएटरमध्ये उघडत असे, लटक्या शस्त्रक्रियेतही हत्यारे मागत असे, गुडघा हलवत असे. पुढच्या दोन वर्षांत कोणत्याही टप्प्यावर खऱ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांची वेदना लटक्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपेक्षा कमी झाली नाही. रुग्णाच्या अंगावर उपयोग नसलेले छेद घेणे ही गंभीर गोष्ट आहे आणि तिला सोपी परवानगी असू नये. इथे छेद वरवरचे होते, आणि आपल्याला केवळ लटकी शस्त्रक्रिया मिळू शकते हे समजल्याचे प्रत्येक रुग्णाने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. विचारलेल्या ३२४ जणांपैकी १४४ जणांनी नकार दिला. पोट किंवा छाती उघडण्याची लटकी शस्त्रक्रिया यापेक्षा कितीतरी जोखमीची ठरेल, म्हणून हा मार्ग सगळीकडे नेता येत नाही.

शस्त्रक्रिया विरुद्ध व्यायामोपचार अशी तुलना असेल, तर रुग्णालाही सगळे ठाऊकच असते. तरीही एक गोष्ट नेहमी शक्य असते: पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार, हे तो चाचणीत दाखल होईपर्यंत कोणालाही कळू न देणे. ते आधी कळले तर ठणठणीत रुग्ण एका बाजूला आणि नाजूक रुग्ण दुसऱ्या बाजूला ढकलले जातात, आणि मग नंतरची कोणतीही काळजी ती चूक भरून काढत नाही. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८च्या ब्रिटिश चाचणीत हेच केले होते. मोहोरबंद लिफाफ्यांतून गट ठरत. पलंगावर नुसती विश्रांती घेणाऱ्यांना चार महिने दिवसातून चारदा खोटी इंजेक्शने टोचणे त्या संशोधकांना योग्य वाटले नाही, म्हणून प्लासिबो दिलाच नाही. पण छातीचे एक्स-रे वाचणाऱ्यांना कोणता फोटो कोणत्या गटातला हे माहीत नव्हते. सहा महिन्यांत औषध घेतलेल्या ५५पैकी ४ रुग्ण दगावले, नुसती विश्रांती घेणाऱ्या ५२पैकी १४.

मृत्यूचा हा आकडा रुग्णाच्या किंवा डॉक्टरच्या अपेक्षेने बदलत नाही. म्हणून ब्लाइंडिंग नसलेल्या चाचणीत काय मोजायचे याची निवडच मोठा आधार ठरते. मृत्यू, एक्स-रेवर दिसणारे हाड जुळणे, प्रयोगशाळेतला आकडा ही मापे त्यातल्या त्यात सुरक्षित. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २००८मधील एका अभ्यासात हाच भेद दिसला: ब्लाइंडिंग नसल्यामुळे उपचाराचा फायदा फुगून दिसण्याचा प्रकार वेदनेसारख्या, अंदाजावर अवलंबून असलेल्या मापांत होता, मृत्यूच्या नोंदीत तो जवळजवळ नव्हता. ‘पुन्हा शस्त्रक्रिया लागली’ हे माप वरकरणी ठोस वाटते, पण ती लागली की नाही हे माणूसच ठरवतो. म्हणून अशा घटनांची कागदपत्रे गटाचे नाव झाकून वेगळ्या समितीकडे देतात.

वेदना हेच विचारायचे असेल, तर मात्र पळवाट नाही. वेदना मोजणारा माणूस रुग्ण स्वतःच असतो. तपासनीसाला गट माहीत नसला आणि व्रण झाकायला रुग्णाने लांब बाह्यांचा सदरा घातला, तरी उत्तर देणाऱ्याला सगळे ठाऊक आहे. अशा चाचणीच्या अहवालात कोणाला काय माहीत होते हे एकेका व्यक्तीबाबत लिहिणे अपेक्षित असते; नुसते ‘डबल ब्लाइंड’ किंवा ‘ब्लाइंड नाही’ एवढ्याने भागत नाही. शस्त्रक्रियेच्या गटात वेदना थोडीच कमी भरली आणि रुग्णाला आपला गट ठाऊक होता, तर तेवढा फरक समजुतीनेही पडू शकतो, असे धरूनच तो आकडा वाचावा लागतो.